उरलेली छत्तीस मुलं

एप्रिल-मे महिन्यांत खासगी शाळांच्या जाहिराती येऊ लागल्या की क्रीडाशिक्षकाच्या एका जागेसाठी वीस-पंचवीस अर्ज सहज जमतात. एका शाळेच्या निवड समितीवर मी काही वर्षं बसलो, तेव्हा हे अर्ज वाचायचं काम माझ्याकडे असे. त्यातले निम्मे अर्ज अशा लोकांचे असत, ज्यांनी आयुष्याची आठ-दहा वर्षं एखाद्या क्लबात किंवा मंडळात प्रशिक्षक म्हणून काढली आहेत. खो-खो, कबड्डी, ॲथलेटिक्स, हल्ली क्रिकेट आणि स्केटिंगसुद्धा. ही मंडळी खेळातली खरी जाणकार असतात. तरीही त्यांची पत्रं मुख्याध्यापकांच्या टेबलावर पहिल्या मिनिटातच बाजूला पडत. त्याचं कारण एकच असे: पत्र लिहिणारा संघाबद्दल बोलत होता आणि वाचणारा वर्गाबद्दल विचार करत होता.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. अनुदानित शाळांमधली शिक्षकभरती आता पवित्र पोर्टलवरून होते. तिथे गुण आणि पसंतिक्रम आधी बोलतात, पत्राला फारसा वाव नसतो. इथे चर्चा आहे ती विनाअनुदानित आणि खासगी शाळांची. तिथे अर्जासोबतचं एक पानी पत्र, ज्याला आता सगळेच कव्हर लेटर म्हणतात, मुलाखतीला बोलवायचं की नाही हे ठरवतं.

उदाहरणासाठी एक उमेदवार घेऊ. तो कुणी एक माणूस नाही, मी वाचलेल्या तीन-चार अर्जांतून जुळवलेला आहे. तालुक्याच्या गावी खो-खोच्या मंडळात नऊ वर्षं प्रशिक्षक. बी.पी.एड. झालेलं आहे, शिवाय पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे आपण ज्याला एनआयएस म्हणतो, सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. आता घरच्या कारणानं शहरात यायचं आहे आणि एका मराठी माध्यमाच्या खासगी शाळेत जागा निघाली आहे. त्याचं पहिलं पत्र साधारण असं होतं:

‘वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करतो की, मी गेली नऊ वर्षे खो-खो या खेळाचा प्रशिक्षक म्हणून कार्यरत असून माझ्या मार्गदर्शनाखाली अनेक खेळाडूंनी राज्यस्तरावर मंडळाचे नाव उज्ज्वल केले आहे. आपल्या शाळेचा संघही राज्यस्तरावर नेण्याची ग्वाही देतो. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.’

व्याकरणात चूक नाही. दहावीच्या मराठीच्या पेपरात याला चांगले गुण मिळाले असते. पण यात वाचणाऱ्याच्या हाती काय लागतं? ‘अनेक खेळाडू’ म्हणजे किती, ‘राज्यस्तर’ म्हणजे कोणता, आणि मुख्य म्हणजे संघात न येणाऱ्या मुलांचं तो काय करणार, यातलं काहीच नाही.

हा शेवटचा प्रश्न मुख्याध्यापकांच्या डोक्यात कसा असतो, ते आकड्यांनी पाहू. सातवीचा वर्ग, पटावर ४८ मुलं. तास ४० मिनिटांचा. वर्गातून रांगेत मैदानावर यायचं, हजेरी, थोडा सराव, शेवटी पाणी पिऊन परत. प्रत्यक्ष खेळायला २४ मिनिटं मिळाली तर नशीब. खो-खोचं एक मैदान आखलं तर पाठलाग करणारे ९ आणि संरक्षक ३, एकूण १२ मुलं खेळणार. उरलेली ३६ कडेला बसून टाळ्या वाजवणार, किंवा एकमेकांच्या पाठीवर माती टाकणार. मंडळात प्रशिक्षक नेमकं हेच करतो आणि तिथे ते बरोबरही असतं, कारण तिथे आलेली मुलं खेळायची म्हणून आलेली असतात आणि त्याचं काम त्यांतून चांगले निवडून तयार करणं हे असतं. शाळेत त्याला कुणालाही निवडायचा अधिकार नाही. दमा असलेला मुलगा, पळायची लाज वाटणारी मुलगी, गुडघ्याला पट्टी बांधून चिठ्ठी घेऊन आलेला, सगळे त्याचेच.

बरं, संघ न खेळवता सराव घेतला तरी भागत नाही. धावत जाऊन खांबाला वळसा घालून परत यायचं आणि पुढच्याला खो द्यायचा, हा साधा सराव घ्या. एका मुलाला त्याला १५ सेकंद लागतात असं धरू. ४८ मुलांच्या दोन रांगा केल्या तर एका रांगेत २४. एकाची पाळी परत यायला सहा मिनिटं. २४ मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला चार पाळ्या, म्हणजे पूर्ण तासात एक मिनिट धावणं. त्याच मुलांच्या सहा-सहाच्या आठ रांगा केल्या तर पाळी दीड मिनिटात परत येते, सोळा पाळ्या होतात आणि धावणं चार मिनिटांचं होतं. चार मिनिटं म्हणजेही फार नाही. म्हणून चांगला शिक्षक वाट पाहणाऱ्यांना नुसतं उभं ठेवत नाही. खो-खोत चौकात बसलेला खेळाडू जसा उकिडवा, एकाआड एक उलट तोंडं करून बसतो, तसं त्यांना बसवतो आणि शिट्टीवर उठायला लावतो. रांगेतला वेळही मग कामाला येतो.

ज्याला हा हिशेब ठाऊक आहे तो शिक्षक आहे, हे मुख्याध्यापक एका वाक्यात ओळखतात. प्रशिक्षकाला तो येत नसतो असं नाही. मंडळात चाळीस मुलं एकट्यानं सांभाळणाऱ्याला तो अंगवळणी पडलेला असतो. पत्रात मात्र तो येत नाही, कारण लिहायला बसलं की माणसाला आधी पदकंच आठवतात.

पदकांचंही एक सांगायला हवं, कारण इथे नकळत घोळ होतो. आपल्याकडे शालेय वयातल्या स्पर्धांचे दोन वेगळे प्रवाह आहेत. एक क्रीडा विभागाच्या शालेय स्पर्धांचा: १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, तालुका, जिल्हा, विभाग, मग राज्य. त्यात मूल शाळेच्या नावावर खेळतं. दुसरा त्या त्या खेळाच्या संघटनेचा, जिथे ते मंडळाकडून किंवा जिल्ह्याच्या संघातून खेळतं. याखेरीज गावोगावच्या निमंत्रित स्पर्धा आहेतच. तिघांच्याही बॅनरवर ‘राज्यस्तरीय’ असं लिहिलेलं असू शकतं, पण शाळेच्या दृष्टीनं ते तीन वेगळे आकडे आहेत. शिवाय सरकारी नोकऱ्यांतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी बोगस प्रमाणपत्रं दिल्याची प्रकरणं राज्यात गाजल्यापासून संस्थाचालक ‘राज्यस्तर’ हा शब्द जरा संशयानंच वाचतात. तेव्हा कोणती स्पर्धा, कोणता गट, खेळाडू सहभागी होता की पदक मिळालं, एवढं साधं लिहावं. ‘दोन मुली संघटनेच्या राज्य स्पर्धेत जिल्ह्याच्या संघातून खेळल्या’ हे वाक्य ‘अनेक खेळाडूंनी नाव उज्ज्वल केले’पेक्षा लहान दिसतं, पण ते तपासता येतं, म्हणून वजनदार ठरतं.

पात्रतेबाबतही तसंच. एनआयएसचं प्रमाणपत्र प्रशिक्षणाचं आहे, ते बी.पी.एड.ची जागा घेत नाही. काही उमेदवार अभिमानानं एनआयएस आधी आणि ठळक लिहितात, बी.पी.एड. खाली कुठेतरी. शिक्षकाच्या जागेसाठी क्रम उलटा हवा. लिपिक कागद तपासताना आधी बी.पी.एड. शोधतो, आणि ते पहिल्या दोन ओळींत दिसलं नाही तर पुढचं पत्र कितीही चांगलं असो, अर्ज दुसऱ्या गठ्ठ्यात जातो. बी.पी.एड. नसेल तर शिक्षकाच्या जागेचा आग्रह सोडून मानधनावरच्या प्रशिक्षकाची जागा आहे का, ते सरळ विचारावं.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. क्लबातून येणाऱ्या माणसाबद्दल शाळेच्या मनात दोन-तीन शंका असतात, आणि मुलाखतीत त्या शिष्टाचारापोटी विचारल्याही जात नाहीत. पहिली, हा पाऊस सरला की स्पर्धांच्या मागे जाणार आणि तास मोकळे पडणार. दुसरी, सकाळ-संध्याकाळ स्वतःचं मंडळ चालवणार आणि शाळेत दमून येणार. तिसरी शिक्षेची. मैदानावर उशिरा आलेल्याला ‘दहा राउंड मार’ हे मंडळात इतकं सवयीचं असतं की ती शिक्षा आहे असं कुणाला वाटतही नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. उन्हात पळवलेलं मूल चक्कर येऊन पडलं तर उत्तर मुख्याध्यापकांना द्यावं लागतं. या शंका पत्रात आपण होऊन, एकेका वाक्यात मिटवल्या तर वाचणाऱ्याचा निम्मा भार उतरतो. लांबण लावू नये, नाहीतर खुलाशाचा वास येतो.

आणि क्लब का सोडला? ‘मानधन वेळेवर मिळत नव्हतं’, ‘पदाधिकाऱ्यांचं राजकारण होतं’ हे दोन्ही खरं असू शकतं. पत्रात ते येता कामा नये. कारण लिहायचंच तर घराचं, शहर बदलण्याचं, नियमित शिकवण्याच्या इच्छेचं लिहावं. वाचणारा स्वतः एका संस्थेचा पदाधिकारी आहे, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

या सगळ्याचा विचार करून लिहिलेलं त्याच उमेदवाराचं दुसरं पत्र असं झालं:

प्रति,
मा. मुख्याध्यापिका

विषय : क्रीडाशिक्षक पदासाठी अर्ज

महोदया,

मी बी.पी.एड. पदवीधर असून तालुक्याच्या गावी खो-खो मंडळात नऊ वर्षं प्रशिक्षक आहे. एनआयएसचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही पूर्ण केला आहे. आपल्या शाळेत पाचवी ते आठवीसाठी क्रीडाशिक्षकाची जागा असल्याचं जाहिरातीत वाचलं.

मंडळात रोज ८ ते १६ वयोगटातली पस्तीस-चाळीस मुलं येतात. त्यांतली दहा-बाराच स्पर्धा खेळतात, बाकीची खेळायला म्हणून येतात, त्यामुळे सगळ्यांना एकाच वेळी हलतं ठेवण्याची सवय मला आहे. आपलं मैदान मी बाहेरून पाहिलं. तिथे ४८ मुलांच्या वर्गाला मी सहा-सहाच्या आठ रांगांत शिकवीन. पावसाळ्यात मैदान चिखलाचं असेल तेव्हा सूर्यनमस्कार, तोल आणि दोरीच्या उड्यांचे तास सभागृहात किंवा व्हरांड्यात घेता येतील.

खेलो इंडियाच्या शालेय चाचण्यांपैकी ६०० मीटर धावणं, बसून पुढे वाकणं आणि ५० मीटर धावणं या तीन चाचण्या मी मंडळातल्या मोठ्या मुलांच्या वर्षातून दोनदा घेतो. नोंदवही सोबत आणू शकेन. स्पर्धांत, गेल्या तीन वर्षांत मंडळाच्या दोन मुली संघटनेच्या राज्य स्पर्धेत जिल्ह्याच्या संघातून खेळल्या.

मी शिक्षा म्हणून मुलांना धावायला लावत नाही. कुटुंबासह शहरात राहायला येत असल्यानं मंडळाची जबाबदारी मे महिन्यात सोडत आहे. शालेय स्पर्धांसाठी संघासोबत बाहेर जावं लागेल त्या दिवशीच्या तासांचं लेखी नियोजन आदल्या दिवशी आपल्याकडे देईन.

आपली सोय असेल त्या दिवशी सातवीच्या एका वर्गावर पाठ घेऊन दाखवायला आवडेल.

आपला विश्वासू

यात विशेषणं जवळपास नाहीत. पहिल्या पत्रातली ‘ग्वाही’ गेली, ती गेलेलीच बरी. शाळेचा संघ राज्यावर जाईल की नाही हे शाळेत कोणती मुलं येतात यावरही अवलंबून असतं, आणि त्या शाळेत पाऊल न टाकलेल्या माणसानं ते सांगावं यावर कुणाचा विश्वास बसत नाही. ‘माझे खेळाडू शाळेत आणीन’ असंही काहीजण लिहितात. काही संस्थाचालकांना ते आवडतं हे मी नाकारत नाही. पण दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात म्हणून ऐन वर्षी शाळा बदलून आणलेली मुलं आणि तिथे आधीपासून शिकणारी मुलं यांच्यात जे वितुष्ट येतं, ते मी पाहिलं आहे. माझ्या हातात असतं तर ते वाक्य वाचूनच मी अर्ज खाली ठेवला असता.

चाचण्यांच्या परिच्छेदाकडे जरा थांबून पाहा, कारण तिथे चूक व्हायला फार जागा आहे. उमेदवारानं ‘चाचण्या घेतो’ म्हटलं, ‘माझ्यामुळे मुलांची क्षमता इतक्या टक्क्यांनी वाढली’ असं म्हटलं नाही. बारा वर्षांचं मूल सहा महिन्यांत उंचीनं वाढतं आणि काही न करताही जूनपेक्षा जानेवारीत ६०० मीटर थोडं लवकर पळतं. त्यात जूनमध्ये ओल्या मैदानावर घेतलेली वेळ आणि जानेवारीत कोरड्या जमिनीवर घेतलेली वेळ यांची तुलनाच चुकीची. ज्यानं खरोखर मोजलेलं असतं त्याला हे माहीत असतं, म्हणून तो टक्केवारी मिरवत नाही, नोंदवही दाखवतो. मुलाखतीत ती वही उघडली आणि एखाद्या मुलीच्या नावापुढे ‘ताप, चाचणी नाही’ असं पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं, की तिथल्या तिथे विश्वास बसतो.

चाचण्यांची नावं योग्य लिहिण्यालाही अर्थ आहे. खेलो इंडियाच्या या संचात लहान मुलांना, म्हणजे पाच ते आठ वर्षांच्या, धावायला लावत नाहीत. त्यांच्यासाठी एका पायावर तोल सांभाळणं आणि ठरावीक चकत्यांना हातानं पटापट स्पर्श करणं असे प्रकार आहेत, सोबत उंची-वजन. ६०० मीटर, ५० मीटर, पोटाची आणि हातांची ताकद हे मोठ्या मुलांसाठी. पहिलीच्या मुलांची ६०० मीटरची वेळ घेतो असं कुणी लिहिलं असेल तर त्यानं संच वाचलेला नाही हे उघड होतं.

सातवीच्या वर्गावर पाठ घेण्याची ओळ मला सगळ्यांत आवडली. बी.पी.एड.ला पाठ सगळेच घेतात, त्यामुळे तो शब्द दोघांनाही ओळखीचा. सातवी हा वयाच्या दृष्टीनं अवघड वर्ग: काही मुलं खांद्यापर्यंत उंच झालेली, काही अजून पाचवीतली दिसणारी, मुली मैदानावर यायला कुरकुर करू लागलेल्या. जो माणूस आपण होऊन तो वर्ग मागतो, त्याला भीती कशाची असते हे कळलेलं आहे. आणि मुख्याध्यापकांचा फायदा असा, की चाळीस मिनिटांच्या मुलाखतीत जे कळत नाही ते त्या चाळीस मिनिटांत, कडेला किती मुलं बसली आहेत हे मोजून कळतं.

काही बारीक गोष्टी राहिल्या. पत्र एका पानाचं असावं. प्रमाणपत्रांची यादी पत्रात नको, ती बायोडेटात असते. संदर्भ द्यायचे तर मंडळाच्या अध्यक्षांबरोबर एखाद्या पालकाचं किंवा जवळच्या शाळेच्या शिक्षकाचं नाव द्यावं, अर्थात त्यांना विचारून. जाहिरात इंग्रजीत असेल तर पत्रही इंग्रजीतच हवं. पण मराठीत विचार करून ओढूनताणून इंग्रजी लिहिण्यापेक्षा साधी, छोटी इंग्रजी वाक्यं बरी. केंद्रीय बोर्डाच्या शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, तिथे मे महिन्यात पाठवलेलं पत्र उशिराचं असतं.

आणि पत्र पाठवण्याआधी त्या शाळेवरून एकदा जाऊन या. मैदान पावलांनी मोजता आलं तर मोजा, नाही तर कुंपणाबाहेरून अंदाज घ्या. जागा कमी असेल तर रांगा सहा लिहा, पण लिहाल तेवढ्या तिथे मावल्या पाहिजेत.